शटर उघडले, पुढे काय?

तालुक्याच्या गावातले एखादे औषधाचे दुकान डोळ्यांसमोर आणा. मालक स्वतःच फार्मासिस्ट आहेत, हाताखाली दोन मुले आहेत आणि घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. हे दुकान इथे नमुन्यादाखल घेतले आहे, पण अशी दुकाने राज्यात गावोगाव आहेत. एका रात्री मालकांच्या छातीत कळ येते. पत्नी आणि शेजारी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेतात. पहाटे अँजिओप्लास्टी होते आणि पुढचे काही दिवस अतिदक्षता विभागात जाणार हे स्पष्ट होते. मोबाइल पत्नीच्या पर्समध्ये आहे, पण त्याचे लॉक तिला उघडता येत नाही. चाव्यांचा जुडगा मालकांच्या पँटच्या खिशात आहे आणि ती पँट रुग्णालयाने दिलेल्या पिशवीत, खाटेखाली.

सकाळी नऊ वाजता दोन्ही मुले बंद शटरसमोर उभी राहतात आणि मालकांना फोन लावत राहतात.

एकट्याच्या जिवावर चालणाऱ्या धंद्यात काय काय अडते, हे या दुकानावरून नीट समजते. कारण इथे कुलूप, पासवर्ड, कायदा आणि माल या चारही गोष्टी एकाच माणसाशी बांधलेल्या असतात. अशा वेळी बहुतेकांना आधी पैशांची काळजी वाटते. प्रत्यक्षात पहिली निकड पैशांची नसते. ती फ्रिजची असते.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. दुकान बंद असताना रात्री वीज गेली आणि दुपारपर्यंत आली नाही, तर आतल्या मालाचे काय झाले हे बाहेरून कळत नाही. माल हातात घेऊनही कळत नाही, ही खरी अडचण. उष्णतेने ताकद कमी झालेले इन्सुलिन दिसायला अनेकदा जसेच्या तसे असते. उलट बाजूने, फ्रीझरच्या कप्प्याला टेकून गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. म्हणून फ्रिजमध्ये किमान-कमाल नोंद ठेवणारा डिजिटल थर्मामीटर हवा. तो शेवटचे बटण दाबल्यापासूनचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान दाखवतो. चार दिवसांनी दुकान उघडणाऱ्याला त्या दोन आकड्यांवरून माल विकायचा की बाजूला काढायचा हे ठरवता येते. ते आकडे नसतील तर सगळा अंदाजपंचे कारभार होतो, आणि इन्सुलिनच्या बाबतीत त्याची किंमत रुग्ण मोजतो.

त्यामुळे पर्यायी योजनेतले पहिले वाक्य असे लिहावे लागते: दुकान काही कारणाने उघडले नाही, तर त्याच दिवशी दुपारच्या आत अमुक माणूस कुलूप काढून फ्रिज पाहील, दोन्ही आकडे वहीत लिहील आणि कुलूप लावून परत जाईल. एवढ्या कामाला फार्मासिस्ट लागत नाही. चावी मात्र लागते.

चाव्यांचा दुसरा संच बहुतेकांकडे असतो. तो घरच्या कपाटात असतो, आणि मालक आजारी पडल्यावर घराला कुलूप लावून सगळे रुग्णालयात गेलेले असतात. त्यामुळे हा संच घराबाहेर, दहा-पंधरा मिनिटांत दुकानाशी पोहोचू शकेल अशा माणसाकडे हवा. तो कामावरच्या मुलांपैकी नसावा आणि ज्याच्याकडे दिवसभर दहा माणसांची ये-जा असते असा शेजारचा टपरीवालाही नसावा. भाऊ, मेहुणा किंवा त्याच गल्लीतला जुना मित्र चालतो. चाव्यांना दुकानाचे नाव लिहिलेली पट्टी लावू नये. नुसते आकडे लावावेत: शटरच्या दोन बाजूंची कुलुपे १ आणि २, मधले कुलूप ३, गल्ल्याचा खण ४, कागदपत्रांचे कपाट ५. कोणता आकडा कशाचा याचा कागद वेगळ्या जागी ठेवावा. संच दिल्यावर त्या माणसाने मालकांसमोर एकदा शटर उघडून पाहिले पाहिजे. वर्षानुवर्षे न वापरलेली दुसरी चावी कुलपात अडकते, किंवा कुलूप मध्येच बदललेले असते आणि संचात जुनीच चावी राहिलेली असते.

आता शटर उघडले. मुले रोज औषधे काढून देतात, कोणते कुठे ठेवले आहे हे त्यांना मालकांपेक्षाही चांगले ठाऊक असते. मग विक्री का करू नये?

कारण कायदा आडवा येतो, आणि तो योग्य कारणासाठी येतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच देता येते. फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. दोन्हींचा रोख हाच आहे. फार्मासिस्टचे नाव परवान्याशी जोडलेले असते. मालकच फार्मासिस्ट असेल तर तो खाटेवर पडला त्या क्षणापासून चिठ्ठीवरची विक्री थांबते. मुले कितीही तयारीची असली तरी फरक पडत नाही. नावात साम्य असलेल्या दोन औषधांतली चूक पकडायला प्रशिक्षित माणूस हवा, एवढे साधे त्यामागचे कारण आहे.

यावर उपाय आहे, पण तो आधीच करून ठेवावा लागतो. महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी असलेला आणि ती नोंदणी चालू असलेला दुसरा फार्मासिस्ट शोधून ठेवायचा. निवृत्त झालेले कोणी, घरातली डी. फार्म. झालेली सून किंवा पुतण्या, सध्या नोकरीत नसलेले ओळखीचे कोणी, असे पर्याय असतात. समोरच्या दुकानातला फार्मासिस्ट मात्र उपयोगाचा नाही, कारण एकाच वेळी तो दोन दुकानांत उभा राहू शकत नाही. त्या माणसाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, संमतीचे पत्र आणि ठरलेला मोबदला कागदावर असला, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाला कळवण्याचे काम घरची माणसे लगेच करू शकतात. त्याहून बरे म्हणजे दुसऱ्या फार्मासिस्टचे नाव आधीच परवान्यावर चढवून घेणे. असा माणूस मिळाला नाही, तर दुकान बंद ठेवायचे, हेही योजनेत स्पष्ट लिहायचे. मग शटरवर लावायची पाटी, जवळच्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता आणि ज्यांचे इन्सुलिन, फिटची किंवा रक्तदाबाची औषधे दरमहा इथूनच जातात त्या रुग्णांची यादी तयार हवी. अशा लोकांना एक फोन गेला की त्यांच्या गोळ्यांत खंड पडत नाही.

इथवरची कामे चावी आणि कागदावर भागतात. पुढची सगळी मालकांच्या फोनपाशी येऊन थांबतात.

छोट्या धंद्यात बँक, जीएसटी, ईमेल, बिलिंगचे सॉफ्टवेअर, स्टॉकिस्टच्या ऑर्डरचे अ‍ॅप असे सगळे एकाच मोबाइल नंबरला जोडलेले असते. पासवर्ड वहीत लिहिलेला असला तरी ओटीपी येतो त्या नंबरवर, आणि तो फोन लॉक आहे. नवे सिम काढावे म्हटले, तर नंबर ज्याच्या नावावर आहे त्याचीच ओळख पटवावी लागते. शिवाय मुदतीत रिचार्ज झाले नाही तर सेवा बंद पडते आणि ऐन वेळी ओटीपीही येत नाही.

म्हणून पासवर्डची यादी करताना प्रत्येक खात्यापुढे तीन गोष्टी लिहाव्या लागतात: वापरकर्त्याचे नाव, ओटीपी कोणत्या नंबरवर येतो, आणि पासवर्ड विसरल्यास तो कोणत्या ईमेलवरून बदलता येतो. ही यादी केली की लक्षात येते की सगळ्या दारांच्या चाव्या शेवटी दोनच आहेत, फोनचे लॉक आणि मुख्य ईमेल. या दोहोंचे पासवर्ड, रिचार्जची तारीख आणि ईमेलचे आपत्कालीन कोड एका बंद पाकिटात घालायचे. पाकिटाच्या तोंडावर आडवी सही करायची, तारीख टाकायची आणि पाकीट दुकानात न ठेवता घरी किंवा विश्वासातल्या नातेवाइकाकडे ठेवायचे. सही मोडलेली दिसली की पाकीट उघडले गेले हे कळते. संगणकावरच पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी काही पासवर्ड मॅनेजरमध्ये आपत्कालीन प्रवेशाची सोय असते. नेमलेल्या माणसाने मागणी करायची, आणि ठरावीक दिवसांत मालकाने नकार दिला नाही तर त्याला आत जाता येते. ती मुदत किती दिवसांची हे मालकाला आधीच निवडता येते. दुकानासाठी ती एक-दोन दिवसांची ठेवावी. महिन्याची ठेवली तर सोय असूनही नसल्यासारखीच.

या पाकिटात काय नसावे, तेही तितकेच महत्त्वाचे. नेटबँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन त्यात लिहू नये. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचेच असते. दुसरे म्हणजे, पत्नीने पतीचा पासवर्ड टाकून पैसे पाठवले तर बँकेच्या लेखी ते पतीनेच पाठवलेले असतात. पासवर्ड हाती असणे वेगळे आणि अधिकार असणे वेगळे. हा फरक आजारपणात फार जाचतो.

अधिकार देण्याचे सरळ मार्ग आहेत. चालू खाते एकट्या मालकाच्या नावावर असले तरी बँकेला ‘मँडेट’ देता येते, म्हणजे माझ्या वतीने अमुक व्यक्ती या खात्यावर सही करू शकेल असे पत्र, त्या व्यक्तीच्या सहीच्या नमुन्यासह. रकमेची मर्यादाही त्यात घालता येते. व्यावसायिक नेटबँकिंगमध्ये दुसरा वापरकर्ता जोडता येतो, त्याला त्याचा स्वतःचा पासवर्ड आणि त्याच्या स्वतःच्या नंबरवर ओटीपी. जीएसटीच्या पोर्टलवरही मालकाशिवाय दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता नेमता येतो. हे काम निरोगीपणी थोड्या वेळात होते. ते झाले नसेल आणि त्या महिन्याचे विवरणपत्र २० तारखेला भरायचे असेल, तर मालक घरी येईपर्यंत दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज चढत राहते. कर सल्लागाराकडे सगळे आकडे तयार असतात, अडते ते फक्त ओटीपीसाठी.

मालक शुद्धीवर आहेत पण हात हलत नाही, अशी स्थिती असेल तर बँकेत आणखी एक सोय असते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. आजारी खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठा घेऊन पैसे काढता येतात. त्या अंगठ्याची ओळख बँकेच्या परिचयाच्या दोन साक्षीदारांनी पटवायची असते आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच हे आहे. शाखेत जाऊन ते नेमक्या शब्दांत सांगावे लागते, कारण काउंटरवरचा नवा कर्मचारी ‘सही लागेल’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता असते.

मात्र खातेदार शुद्धीवरच नसेल, तर इथे बहुतेकांची समजूत चुकते. ‘बायकोच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणारा मृत झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे पाय मोडला तर मुखत्यारपत्र चालते, पक्षाघाताने भान हरपले तर कायद्याच्या दृष्टीने त्याचा आधार उरत नाही. मँडेटलाही हीच मर्यादा आहे. आणि खात्याला वारस नेमला असला तरी नामनिर्देशन लागू होते ते मृत्यूनंतर, आजारपणात त्याचा काही उपयोग नाही.

कोमातल्या माणसाचे व्यवहार कोणी पाहायचे यासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. कुटुंबाला उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच एका प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत रुग्णाची वैद्यकीय मंडळाकडून तपासणी, तहसीलदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याची भेट आणि नेमलेल्या पालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा अहवाल अशा अटी आहेत. रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने त्या रास्त आहेत, पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि पंधरा दिवसांच्या उधारीवर चालणाऱ्या दुकानाकडे तेवढा वेळ नसतो.

ही फट बुजवायची असेल तर धंद्याची रचनाच बदलावी लागते. भागीदारी केली आणि दोघांपैकी कोणाचीही सही चालेल अशी खात्याची सूचना दिली, तर दुसरा भागीदार स्वतःच्या हक्काने सही करतो. एकट्या व्यक्तीची कंपनी काढली, तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे नेमलेली व्यक्ती केवळ मृत्यूनंतरच नव्हे, तर मालक करार करण्यास असमर्थ झाल्यावरही त्याची जागा घेते. दोन्ही मार्गांत औषध परवाना आणि जीएसटी नोंदणी नव्याने करावी लागते, खर्चही येतो. ज्याची उलाढाल बेताची आहे त्याने निदान एवढे करावे: दोन महिन्यांचा घरखर्च आणि मुलांचे पगार भागतील एवढी रक्कम पती-पत्नीच्या ‘दोघांपैकी कोणीही’ अशा संयुक्त बचत खात्यात वेगळी ठेवावी. दुकानाचे खाते गोठले तरी घर आणि पगार थांबत नाहीत.

सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या चेकचा मार्ग अनेक जण वापरतात. तो सोपा वाटतो म्हणूनच धोक्याचा आहे. रक्कम आणि नाव कोण, कधी भरेल यावर मालकाचा काहीच ताबा राहत नाही. उलट, आधीच दिलेल्या पुढच्या तारखांच्या चेकची यादी मात्र अगत्याने ठेवली पाहिजे. स्टॉकिस्टला दिलेला चेक खात्यात पैसे नसल्याने परत गेला, तर त्याची नोटीस पोहोचल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरावी लागते, नाहीतर फौजदारी तक्रारीचा मार्ग मोकळा होतो. नोटीस येते दुकानाच्या पत्त्यावर, आणि दुकान बंद असते. म्हणून ‘टपाल कोण उघडणार’ हा प्रश्न कामांच्या वाटणीत असायलाच हवा.

वाटणी करताना माणसागणिक कामे वाटण्यापेक्षा कामागणिक माणसे नेमावीत, प्रत्येक कामाला एक मुख्य आणि एक बदली. आपल्या नमुन्याच्या दुकानात ती अशी बसते. फ्रिज आणि कुलपे पाहणार मेहुणे, ते नसतील तर गल्लीतला मित्र. बँक आणि स्टॉकिस्टची देणी पत्नीकडे, कारण मँडेट तिच्या नावावर आहे. पुण्यात शिकणारी मुलगी दुसरी अधिकृत स्वाक्षरीकर्ती. कर सल्लागाराशी बोलणे आणि विवरणपत्र तिच्याकडे, ते तिथे बसून होते. जुना मुलगा शॉर्टबुक पाहून ऑर्डर काढणार, पण ठरलेल्या रकमेच्या आतच, त्यापुढे पत्नीला विचारायचे. गल्ला तो मोजणार आणि भरणा मेहुणे करणार, म्हणजे मोजणारा आणि भरणारा एकच राहत नाही. यात कोणावर अविश्वास नाही. हिशेबात शंभर-दोनशेचा फरक निघाला तर कोणाकडे बोट दाखवायची वेळ येत नाही, इतकेच. टपाल नव्या मुलाने उचलायचे आणि न उघडता त्याच संध्याकाळी फोटो काढून मुलीला पाठवायचे.

फोन नंबरांच्या यादीत नुसती नावे पुरत नाहीत. प्रत्येक स्टॉकिस्टपुढे उधारीची मुदत किती, येणे-देणे साधारण किती आणि परत पाठवायचा मुदतबाह्य माल पडून आहे का, हे एका ओळीत हवे. ‘आमच्या ह्यांना बरं नाही, आठ दिवस थांबाल का भाऊ?’ असा फोन पत्नीला करायचा असतो आणि तेव्हा समोरचा माणूस कोण, हे तिला ठाऊक असले पाहिजे. याच यादीच्या पहिल्या पानावर आरोग्यविम्याचा पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा नंबर, मालकांचा रक्तगट आणि चालू गोळ्या लिहाव्यात. तातडीने भरती झाल्यावर विमा कंपनीला बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत कळवायचे असते, आणि त्या तासांत कागद शोधायला कोणाला सवड नसते.

एवढे लिहून झाले तरी कुठे फट राहिली आहे, हे कागदावर दिसत नाही. त्यासाठी एक दिवस मालकांनी घरी बसावे, फोन बंद करून कपाटात ठेवावा आणि दुकान दुसऱ्या फार्मासिस्टच्या हाती द्यावे. त्या दिवशी जे अडते ते संध्याकाळी लिहून काढावे. बिलिंगचा संगणक सुरू करायचा पासवर्ड फक्त मालकांना माहीत असतो. यूपीआयचे पैसे आल्याचा संदेश मालकांच्याच फोनवर जातो आणि गिऱ्हाईक पैसे दिल्याचे सांगत ताटकळत उभे राहते. इन्व्हर्टरचे बटण कुठे आहे हे कोणाला सापडत नाही. या अडचणी किरकोळ आहेत, पण अशा दोन-तीन एकदम आल्या की दुकान दुपारीच बंद करावे लागते. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पुजल्या जातात, तेव्हा आणि पुन्हा पाडव्याला अशी चाचणी घ्यावी, पाकीट नवे करावे आणि चाव्यांचा दुसरा संच कुलपांत फिरवून पाहावा. सहा महिन्यांत एखादा पासवर्ड, एखादा स्टॉकिस्ट किंवा एखादे कुलूप हमखास बदललेले असते.

मालक बरे होऊन परत येतात, तेव्हाही काही कामे ठरलेली हवीत. ज्यांच्या हाती पाकीट गेले होते त्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे, चाव्या आकड्यांप्रमाणे मोजून घ्यायच्या, तात्पुरता वाढवलेला खर्चाचा अधिकार काढून घ्यायचा आणि अन्न व औषध प्रशासनाला फार्मासिस्टमधला बदल पुन्हा कळवायचा. पहिल्या सकाळी मात्र बिलांच्या आधी शेड्यूल एच-१ ची नोंदवही उघडावी. या गटातल्या प्रतिजैविकांच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या प्रत्येक विक्रीला डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. मालक नसतानाच्या दिवसांची पाने शिल्लक मालाशी पडताळून पाहावीत. राहून गेलेली नोंद लगेच सापडली, तर चिठ्ठीची प्रत आणि बिल हाताशी असताना ती दुरुस्त करता येते.